४० कोटी सिम, दोन नावं आणि एक सत्तावीस

सोलापूरहून विजापूर रोडने निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर मंद्रूप लागतं. आणखी थोडं पुढे गेलं की भीमा नदी, आणि नदी ओलांडली की कर्नाटक. या टप्प्यात मोबाइलच्या पडद्यावर आज दोन्हीकडे एकच नाव दिसतं, `Vi India`. पण त्या नावाखाली, फोन आणि टॉवर आपसात ज्या भाषेत बोलतात तिच्यात चार वेगवेगळे आकडे आहेत. अलीकडे ४०४-२२ आणि ४०४-२७, पलीकडे ४०४-४४ आणि ४०४-८६. यातला ४०४ हा भारताचा, आणि पुढचे दोन अंक कंपनीचे आणि सर्कलचे. २२ म्हणजे महाराष्ट्र-गोव्यातली आयडिया. ८६ म्हणजे कर्नाटकातली व्होडाफोन. ४४ मुळात स्पाइस नावाच्या कंपनीचा, तिला आयडियाने २००८ साली विकत घेतलं. आणि २७ आपल्याकडच्या व्होडाफोनचा, पण तोही मूळचा तिचा नव्हे. तो बीपीएलचा.

ज्यांनी ९८२३ ने सुरू होणारा नंबर जपून ठेवलाय त्यांना बीपीएल आठवत असेल. सोलापूर भागात त्या काळी दोनच मालिका मिरवायच्या, ९८२२ आणि ९८२३. पहिली बिर्ला-एटी अँड टीची, म्हणजे पुढच्या आयडियाची, आणि दुसरी बीपीएलची. दहा अंकी नंबरातले पहिले चार ठरले की उरतात सहा, म्हणजे एका मालिकेत बरोबर १० लाख नंबर. ९८२३ वाल्याने नंबर कधी पोर्ट केला नसेल तर त्याने जागचं न हलता चार कंपन्यांची नावं पाहिली: बीपीएल, मग २००६ पासून हच, २००७ मध्ये व्होडाफोन आणि २०२० मध्ये व्ही. तिन्ही वेळा दुकानाची पाटी बदलली आणि बिलाचा रंग बदलला. फक्त तो २७ तेवढा जागेवर राहिला. एका कंपनीने दुसरी घेतली की कुणाचं काय ठेवायचं, हा प्रश्न बहुतेकांना नाव आणि लोगोचा वाटतो. व्होडाफोन-आयडियाचा हिशेब मांडला की दिसतं, ते सगळ्यात शेवटी आलं.

आधी आकार बघू. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी दोन्ही कंपन्या कागदोपत्री एक झाल्या तेव्हा जाहीर केलेला आकडा होता ४० कोटी ८० लाख ग्राहक. अमेरिकेची सगळी लोकसंख्या तेव्हा ३३ कोटींच्या आत होती. दर सेकंदाला एक या वेगाने, झोप-जेवण सोडून हे ग्राहक नुसते मोजायला बसलात तरी जवळजवळ तेरा वर्षं लागतील. त्यांना रिचार्ज विकणारी दुकानं १७ लाख, कंपनीच्या स्वतःच्या नावाची दालनं १५,०००. ही सगळी माणसं २२ सर्कलमध्ये वाटलेली, आणि प्रत्येक सर्कलमध्ये सगळं दोन-दोन: दोन बिलिंग यंत्रणा, दोन कॉल सेंटरं, दोन डिस्ट्रिब्युटर, दोन प्लॅनची पुस्तकं.

कायद्याच्या दृष्टीने व्होडाफोन इंडिया आयडियात विलीन झाली, कारण शेअर बाजारात नोंदलेली होती ती आयडिया. मालकीत मात्र व्होडाफोनचा वाटा मोठा, ४५.१ टक्के. म्हणजे घर एकाचं आणि सातबाऱ्यावर मोठा हिस्सा दुसऱ्याचा. अशा घरात कोण कुणाचं नाव लावणार?

पण नावाआधी सिमचा निकाल लावायचा होता, आणि इथेच आकड्यांनी निर्णय घेतला. सरळ वाटणारा मार्ग असा की सगळ्यांना नवीन सिम द्यावं आणि एकच आकडा ठेवावा. सिमच्या कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ०.७६. अशी ४० कोटी ८० लाख सिमं एकावर एक रचली तर उंची होते ३१० किलोमीटर. ती चळत आडवी ठेवली तर सोलापूरहून पुण्यापर्यंत पोचून वर पन्नास-साठ किलोमीटर उरतील. सिम बदलायचं म्हणजे ओळखपत्र, अंगठा, पडताळणी आलीच. एका ग्राहकाला पाच मिनिटं धरली तरी सगळे मिळून ३,८०० वर्षांपेक्षा जास्त वेळ.

आता हाच आकडा उलटा करून पाहा. १७ लाख दुकानांत वाटला तर एका दुकानाच्या वाट्याला येतात २४० ग्राहक, म्हणजे वीस तासांचं काम. तीन-चार दिवस बसलं की संपलं! मग केलं का नाही? वेळ आणि प्लास्टिक ही खरी अडचण नव्हतीच. ज्या ग्राहकाला सिम बदलायला दुकानात बोलावलं, तो दुकानात आला की काउंटरवर शेजारीच जिओचं सिमही असतं. आणि जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून प्रत्येक ग्राहक काठावर उभा होता. त्याला हलवणं म्हणजे त्याला जायला वाट दाखवणं. म्हणून पहिला निर्णय झाला तो हा: ग्राहकाच्या हातातली कुठलीच वस्तू बदलायची नाही. २२ राहील, २७ राहील, जमवून घेईल तो टॉवर.

टॉवरने जमवून घेणं म्हणजे काय ते मंद्रूपच्याच बाजारपेठेत उभं राहून समजून घेऊ. आयडियाचं सिम असलेला फोन चालू केला की तो आजूबाजूच्या टॉवरांनी हवेत सांगितलेले आकडे ऐकतो आणि त्यात आपला २२ शोधतो. एकत्रीकरणाच्या पहिल्या पायरीत, म्हणजे इंट्रा सर्कल रोमिंगमध्ये, आयडियाचा टॉवर अशक्त असेल तिथे या फोनला २७ वर चढायची मुभा दिली गेली. दोन्ही टॉवर एकाच कंपनीचे, माणूस आपल्याच गावात, पण फोनच्या लेखी तो परका. काही फोनवर रेंजच्या काड्यांशेजारी छोटा `R` उमटतो. तो उमटला आणि फोनमध्ये डेटा रोमिंग बंद असलं की कॉल लागतो पण नेट चालत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतो, "रेंज फुल हाय, नेट न्हाई." दुकानदार फोन बंद करून चालू करतो, सिम काढून पुसतो, परत घालतो. खरा इलाज सेटिंगमधल्या एका बटणात असतो.

दुसरी गंमत एपीएनची. नेटच्या दाराचं नाव आयडियात `internet` होतं आणि व्होडाफोनमध्ये `www`. हे नाव फोनमध्ये साठवलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. जुन्या फोनमधलं सिम नवीन फोनमध्ये घातलं आणि भलतंच नाव चिकटलं तर सगळं दुरुस्त असूनही दार उघडत नाही. दोन कंपन्या एक होताना एकच दार ठेवून भागत नाही, दोन्ही चाव्यांनी उघडेल अशी सोय मागच्या बाजूला करावी लागते. ग्राहकाला हे कधीच कळू नये, अशी अपेक्षा असते.

पुढच्या पायरीत नेटवर्क खरोखर एक होतं. एकाच ठिकाणी दोन कंपन्यांची यंत्रं असतील तर एक संच उतरवतात, दोघींच्या लहरींचे पट्टे एकाच संचावर चढवतात. फोर-जीचा टॉवर एकाच वेळी दोन्ही आकडे हवेत सांगू शकतो. शिवाय नेटवर्क फोनला एक यादी पाठवू शकतं की हे हे आकडे परके समजू नकोस, घरचेच समज. मग तो `R` जातो. हे काम जिल्ह्याजिल्ह्याने झालं, आणि ते चालू होतं तोवर पाट्या जुन्याच होत्या. बाहेर लाल आणि पिवळं भांडत होतं, आत तारा कधीच जुळल्या होत्या.

पडद्यावर नाव कुठलं दिसतं यालाही तीन मालक. सिममध्ये कंपनीचं नाव लिहिलेली एक छोटी फाइल असते, नेटवर्क स्वतः नाव पाठवतं, आणि फोनमध्ये कारखान्यातून भरून आलेली आकडे-नावांची यादी असते. तिघांचं एकमत झालं तर ठीक, नाहीतर एकाच घरात एकाच कंपनीचे दोन फोन दोन नावं दाखवतात. साध्या बटणाच्या जुन्या फोनला २२ ऐकू आला की तो आपल्या यादीत बघून `IDEA` दाखवणार, कंपनीने काहीही ठरवो. आणि नाव कुठेच सापडलं नाही तर नेटवर्क शोधताना पडद्यावर नुसतं `404 22` येतं. बघितलं असेल तुम्हीही.

आता जो भाग मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, तो. मंद्रूपसारख्या गावात दोन सिमच्या फोनमध्ये एक आयडिया आणि एक व्होडाफोन ठेवणारे खूप होते. एकाची रेंज शेतात जाते, दुसऱ्याची तिथे टिकते, म्हणून दोन. तो ग्राहकाने स्वतः काढलेला विमा होता. नेटवर्क एक झालं त्या दिवशी हा विमा निरुपयोगी झाला. दोन्ही सिमं एकाच टॉवरवर, तो गेला की दोन्ही गेली. त्यातच २०१८ च्या शेवटी कंपनीने किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट आणली. तोवर नुसतं इनकमिंगसाठी पडून असलेलं सिम फुकट पोसलं जात होतं. आता त्याला दर महिन्याला खाऊ घालायचा. मग माणूस साधा हिशेब करतो आणि एक सिम काढून टाकतो. काढलेल्या खाचेत काय जातं? रेंजचा विमा हवाच असेल तर तिसऱ्या कंपनीचं सिम.

विलीनीकरणातून दरवर्षी १४,००० कोटी रुपये वाचतील असा कंपन्यांचा अंदाज होता, आणि तो मुख्यतः दुहेरी गोष्टी बंद करण्यावर उभा होता. ग्राहकानेही तेच केलं. त्याच्या खिशातली दुहेरी गोष्ट त्याने बंद केली. बेरीज करणारा दोन ब्रँडचे ग्राहक मिळवतो तेव्हा ४० कोटी ८० लाख ही माणसांची संख्या नसून सिमांची संख्या आहे, हे विसरायला नको होतं.

आकडे बघा. जून २०२० अखेर ग्राहक उरले होते सुमारे २८ कोटी. ३१ ऑगस्ट २०१८ पासून तोवरचे दिवस ६६९. गेलेले ग्राहक १२ कोटी ८० लाख. म्हणजे दिवसाला १ लाख ९० हजारांहून जास्त, सेकंदाला दोनाहून अधिक. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. दर पाच दिवसांनी एक सोलापूर शहर निघून जात होतं, आणि हे चाललं होतं तेव्हा नवीन नावाचा पत्ता नव्हता. सगळं खापर दोन ब्रँडवर फोडता येणार नाही. जिओचे दर होते, किमान रिचार्ज होता, तिमाहीगणिक तोटा होता. पण एक गोष्ट खरी, की या ६६९ दिवसांत ग्राहकाला "आता आपण कुणाचे?" याचं सरळ उत्तर मिळत नव्हतं.

उत्तर देण्याची घाई त्याच्या १३ वर्षं आधी केली गेली होती, आणि ती तुलना करण्याजोगी आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनने हचमधला मोठा हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला एका रात्रीत नाव बदललं. स्टारच्या वाहिन्यांवर त्या दिवशी जाहिरातीची जागा म्हणून जी होती ती सगळी व्होडाफोनने घेतली. हचमधलं ठेवलं काय? तो कुत्रा. लोकांना हच म्हणजे मागे मागे येणारा पग, एवढंच आठवायचं. जाहिरातीत तो गुलाबी घरातून बाहेर पडला आणि परत आला तेव्हा घर लाल झालेलं. एवढंच सांगितलं आणि लोकांना कळलं. मात्र तेव्हा ग्राहक तीन-साडेतीन कोटी होते, नेटवर्क एकच होतं, बिलिंग एकच. बदलायची होती ती खरोखर पाटीच.

२०१८ मध्ये दोन्ही नावं जिवंत, दोन्ही मोठी आणि दोघांचा मुलूख वेगळा. व्होडाफोनचा जोर मुंबई, गुजरात आणि मोठ्या शहरांत. आयडियाचा महाराष्ट्र, मध्य प्रदेश, केरळात आणि खेड्यापाड्यांत. मुंबईत तर आयडिया २००८ पर्यंत नव्हतीच. एक नाव ठेवावं तर अर्ध्या देशात आपण हरलो असा निरोप जातो. शिवाय व्होडाफोन हे नाव लंडनच्या कंपनीचं. उद्या ती कंपनी हात आखडता घेईल, तर नाव कुणाचं? माझ्या मते या दुसऱ्या प्रश्नाने नवीन नावाकडे पारडं झुकवलं.

त्याआधी एक छोटी चाचणी झाली, ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. पोस्टपेडमध्ये व्होडाफोनचं रेड होतं आणि आयडियाचं निर्वाणा. इथे तडजोड केली नाही. निर्वाणा बंद, सगळे रेडमध्ये, सर्कलमागून सर्कल, मे २०२० पर्यंत. हे जमलं कारण पोस्टपेडवाले एकूण ग्राहकांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, त्यांचे पत्ते ठाऊक, महिन्याला बिल जातं त्यात चिठ्ठी घालता येते. बिलाची तारीख, क्रेडिट लिमिट, अनामत रक्कम या तीन गोष्टी जशाच्या तशा नेल्या की ग्राहक कुरकुरत नाही. प्रीपेडवाल्याला असं पत्र धाडता येत नाही, त्याचा पत्ता म्हणजे त्याचा दुकानदार.

दुकानदारासमोर दोन लापू सिमं असायची, एकातून आयडियाचं रिचार्ज मारायचं, एकातून व्होडाफोनचं. दोन्हींत वेगळे पैसे अडकवायचे, दोन एजंट, दोन कमिशनं. ब्रँड एक करताना हा दोनाचा एक करणं जाहिरातीपेक्षा अवघड, कारण दोन डिस्ट्रिब्युटरांपैकी एकाचा धंदा जातो आणि त्याच्या हाताखालचे दुकानदार नाराज होतात. पाट्यांचं म्हणाल तर एका माणसाने रोज दहा दुकानांच्या पाट्या बदलायच्या म्हटल्या तर १७ लाख दुकानांना ४६५ वर्षं लागतील. पाच हजार माणसं लावली तर ३४ दिवस. शटरवर आणि भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती यात धरलेल्या नाहीत. त्या कुणी पुसायला जात नाही, पाऊस पुसेल तेव्हा.

मग नाव आलं कधी? २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने एजीआरच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या महसुली वाट्याच्या खटल्यात कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला. त्या देण्याची तरतूद दाखवल्यावर एका तिमाहीचा तोटा झाला ५०,९२१ कोटी रुपये, तिमाहीचा प्रत्येक सेकंद ६४,००० रुपयांना पडला. कंपनी राहणार का, हेच ठाऊक नसताना नवीन नावाचं बारसं कोण करणार? १ सप्टेंबर २०२० ला न्यायालयाने थकबाकी फेडायला दहा वर्षं दिली. ४ सप्टेंबरला संचालक मंडळाने २५,००० कोटी उभारायला मंजुरी दिली. ७ सप्टेंबरला नाव जाहीर झालं: व्ही. व्होडाफोनचा व्ही, आयडियाचा आय, उच्चार 'वी'. रंग लाल आणि पिवळा, दोघांचे. पग आला नाही, आयडियाच्या जाहिरातींतला 'सरजी'ही आला नाही. व्होडाफोनच्या जाहिरातींतले झूझूही मागे राहिले.

मला विचाराल तर चूक इथे झाली. दोघांची अक्षरं आणि दोघांचे रंग ठेवले, ही भागीदारांमधली वाटणी झाली. ग्राहकाला ज्यावरून कंपनी ओळखू यायची, तो कुत्रा आणि तो सरजी, दोन्ही सोडून दिले. आयडियाच्याच जुन्या इतिहासात उदाहरण होतं. २००१ च्या सुमारास बिर्ला, टाटा आणि एटी अँड टी एकत्र आल्या तेव्हा तिघांची नावं जोडून लोक तिला चक्क बटाटा म्हणू लागले. त्यांनी वेळेत शहाणपण केलं आणि २००२ मध्ये कुणाचंच नसलेलं, लक्षात राहणारं नाव घेतलं.

आज व्हीचे ग्राहक २० कोटींच्या आसपास आहेत, म्हणजे एकत्र आल्या दिवशीच्या निम्मे. मार्च २०२५ अखेरच्या निर्णयानुसार थकबाकीच्या बदल्यात शेअर देऊन सरकारचा वाटा ४८.९९ टक्के झाला, दोन्ही मूळ मालकांपेक्षा जास्त. आणि राष्ट्रीय शेअर बाजारात हा शेअर घ्यायचा असेल तर `Vi` किंवा `Vodafone` टाइप करून उपयोग नाही, तिथलं चिन्ह आजही `IDEA` आहे.